चिंचोके, करवंटी आणि दुसरा डाव

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी 'टाकाऊतून टिकाऊ'ची शिबिरं भरतात. तिथे बाटलीची फुलदाणी होते, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं. सात-आठ वर्षांचं मूल अशा वस्तूवर खूश होतं. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाला ती दोन दिवसांनी नकोशी होते, कारण तिच्याशी करण्यासारखं काही उरत नाही. या वयात मुलांना हरण्या-जिंकण्याचा खेळ हवा असतो, नियमांवरून भांडता येईल असा. म्हणून मोठ्या मुलांच्या आठवडाभराच्या कार्यशाळेत मी एकच कसोटी ठेवते. ज्याने खेळ बनवला नाही अशा मुलाने तो एकदा खेळून आपणहून "अजून एक डाव" म्हटलं, तर खेळ झाला. नाहीतर तो अजून कचराच आहे.

हिशेब वीस मुलांचा, चौघांचा एक गट, रोज सकाळी अडीच तास. सामान आठ दिवस आधी गोळा करायला सांगायचं. किराणा दुकानातले खोके, औषधांची खोकी, बाटल्यांची झाकणं, जुनी वर्तमानपत्रं, नारळाच्या अर्ध्या करवंट्या आणि मूठभर चिंचोके. वर्षाची चिंच फोडून नुकतीच बरणीत गेलेली असते, त्यामुळे मे महिन्यात चिंचोके घरोघरी सापडतात. कीटकनाशकांच्या बाटल्या, फुटकी काच, जुने बल्ब आणि बटणासारखे छोटे सेल दारातूनच परत पाठवायचे. लोहचुंबकही घ्यायचे नाहीत. खेळ शेवटी घरी जाणार, आणि घरात धाकटं भावंडं असतं. ते तोंडात काय घालेल याचा नेम नाही.

सोमवारी कोणीही काही बनवत नाही. फरशीवर खडूने पट आखायचे आणि नुसतं खेळायचं. चल्लस आठ, नवकंकरी, वाघ-शेळी. सोंगट्या म्हणून बाटल्यांची झाकणं. मुलांना आधी हे वाया गेल्यासारखं वाटतं, त्यांचे हात कात्रीकडे जातात. पण पाच घरं आडवी नि पाच उभी एवढ्या पटावर एक डाव अर्धा तास कसा रंगतो, सोंगटी मारली गेल्यावर परत पहिल्यापासून का निघावं लागतं, कुठल्या घरात ती सुरक्षित असते, हे खेळल्याशिवाय कळत नाही. दिवसाच्या शेवटी प्रत्येक गटाने लिहायचं की कुठे मजा आली आणि कुठे कंटाळा. हा कागद शुक्रवारी पुन्हा लागतो.

मंगळवार फाशाचा. मुलं पहिल्यांदा पुठ्ठ्याचा चौकोनी फासा करायला घेतात. त्याच्या ज्या बाजूला चिकटवायच्या पट्ट्या येतात ती बाजू जड होते, कोपरे दिवसभरात दबतात, आणि तोच तोच आकडा पडायला लागतो. त्याऐवजी आजीचा उपाय घ्यायचा. चिंचोक्याची एक बाजू खरबरीत दगडावर घासायची, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. एका चिंचोक्याला दहाएक मिनिटं लागतात आणि बोटं गरम होतात, म्हणून आळीपाळीने घासायचं. चिंचोका आधी भिजवायचा नाही, नाहीतर साल सुटते. असे चार चिंचोके एकदम टाकायचे. जितके पांढरे दिसतील तितकं दान, आणि चारही पालथे पडले तर आठ.

इथे पाटीवर एक सोपा हिशेब मांडता येतो. प्रत्येक चिंचोका दोन प्रकारे पडू शकतो, म्हणजे चारांचे एकूण सोळा प्रकार. त्यांत एकच प्रकार आठचा, एकच चारचा. एकाचे चार, तिनाचे चार, आणि दोनाचे तब्बल सहा. चिंचोके प्रामाणिक असतील तर ८० फेकींत आठ साधारण ५ वेळा, एक २० वेळा, दोन ३० वेळा, तीन २० वेळा आणि चार ५ वेळा पडावेत. प्रत्येक गटाने ८० वेळा टाकून रेघा ओढायच्या. थोडं पुढेमागे होणारच, ते नशीब. पण एका गटाचा हिशेब असा आला: आठ २ वेळा, एक ११, दोन २९, तीन २७ आणि चार ११. पांढरं जास्त पडत होतं, आणि सगळीकडे एकाच दिशेने. हे नशीब नव्हे, हा चिंचोक्यांचा स्वभाव.

त्या गटापुढे दोन वाटा होत्या. चिंचोके पुन्हा घासून बघायचे, किंवा नियम बदलायचा. परंपरेने चार आणि आठ दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं. यांच्या चिंचोक्यांत चार वरचेवर पडत असल्याने एकाच्या हातातून दान सुटायचंच नाही आणि बाकीचे तिघं बघत बसायचे. सहावीतल्या एका मुलीने सुचवलं की पुन्हा टाकायची मुभा फक्त आठला द्यावी. दोनच ओळींचा बदल, पण तो रेघा मोजून केलेला होता. गणिताच्या तासाला जिच्या तोंडून शब्द निघत नाही असं तिची आई सांगत होती, ती मुलगी त्या दिवशी चारही गटांना आपला तक्ता समजावत फिरली.

बुधवार आणि गुरुवार हाताच्या कामाचे. या दोन दिवसांत गोटीचा चक्रव्यूह करायचा: वाकड्यातिकड्या वाटेवरून, भोकं चुकवत, गोटी टोकापर्यंत न्यायची. पाट साधारण ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद. खोक्याचा पुठ्ठा नीट बघितला तर दोन कागदांमध्ये लाटा दिसतात. लाटांच्या दिशेने तो ताठ असतो, आडवा मात्र सहज वाकतो. एकाच थराचा पाट केला की तो मधोमध खचतो आणि गोटी कुठूनही सोडली तरी मध्येच जाऊन बसते. म्हणून दोन थर घ्यायचे, एकाच्या लाटा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. मध्ये फेव्हिकॉल पातळ, सगळीकडे सारखा. मैद्याची खळ घरी सहज होते, पण तिच्यात पाणी जास्त, पुठ्ठा फुगतो आणि वाळताना वेडावाकडा होतो. ती फक्त वरून कागद डकवायला वापरावी. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या कामात अजिबात नको.

चिकटवलेला पाट सपाट जमिनीवर ठेवून वर जड पुस्तकं रचायची आणि रात्रभर हलवायचा नाही. आठवडा लागतो तो यासाठीच, हे काम एका दिवसात उरकत नाही. गुरुवारी सकाळी आधी परीक्षा: पाट फरशीवर ठेवून गोटी मध्ये सोडायची. जिथे सोडली तिथेच थांबली तर पुढे जायचं. आपोआप निघाली तर पाट अजून वाकलेला आहे, उलटा करून पुन्हा वजनाखाली.

साधी गोटी सुमारे १६ मिलिमीटरची असते. वाट तीन सेंटिमीटर रुंद आखायची, भोकं वीस मिलिमीटरची पाडायची. भिंतींच्या पट्ट्या सव्वा सेंटिमीटर उंच पुरतात, त्याहून उंच केल्या तर बसलेल्या मुलाला भोकच दिसत नाही. सरळ भिंतीसाठी लाटा लांबीच्या दिशेने घ्यायच्या, वळणाच्या भिंतीसाठी उभ्या, म्हणजे पट्टी न मोडता वळते. कटर मोठ्या माणसाने किंवा त्याच्यासमोर एकाच मुलाने चालवायचा. स्टीलची पट्टी, खाली जाड पुठ्ठा, आणि एका दमात दाबून कापण्याऐवजी हलक्या हाताने चार-पाच रेघा. तुटलेली पाती एका पत्र्याच्या डबीत जमा करायची आणि शेवटी मोजायची. भोकं पाडताना निघालेल्या गोल चकत्या मात्र फेकू नयेत, त्या आगपेटीत भरून ठेवायच्या.

पाटाच्या खाली बरोबर मध्ये करवंटी, गोल बाजू जमिनीकडे. कड आधी दगडावर घासून सपाट करायची, मग फेव्हिकॉल आणि वरून कागदाच्या पट्ट्या चारी बाजूंनी. आता पाट सगळीकडे डोलतो. समोरासमोर नाही, काटकोनात दोघं बसतात: एकाने फक्त डावी-उजवी बाजू झुकवायची, दुसऱ्याने फक्त पुढची-मागची. दोघांचं जुळल्याशिवाय गोटी वळण घेत नाही, आणि हाच यातला खरा खेळ आहे.

पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून मुलांच्या हातांना आकार, कोन आणि सांधे शिकवले. त्यांची खेळणी उघडून बघण्यासाठी होती. आम्ही त्यात एक अट वाढवतो: उघडून बघितलेलं खेळणं पुन्हा जोडून दुसऱ्याला खेळायला द्यायचं.

ते शुक्रवारी. बाहेरची दहा-बारा मुलं बोलवायची, शेजारच्या इमारतीतली चालतील. प्रत्येक खेळाबरोबर नियम एका पोस्टकार्डावर मावतील एवढेच. बनवणाऱ्यांनी बाजूला बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे त्यांना फार जड जातं. "अरे, तसं नाही!" ओठांवर येतं, पण प्रत्येक वेळी जे सांगावंसं वाटलं ते कागदावर लिहायचं, कारण ते पोस्टकार्डावर राहून गेलं आहे. एका गटाने लग्नपत्रिकांचे सुंदर पत्ते केले होते. पहिल्या डावातच पाहुण्या मुलाने ओळखलं की सोनेरी गणपती ज्याच्या पाठीवर आहे तो पत्ता राजा. पाठी वेगवेगळ्या असतील तर पत्ते निरुपयोगी. शनिवारी त्यांनी औषधांच्या खोक्यांचे, करड्या पाठीचे नवे पत्ते कापले.

चक्रव्यूहाचंही तसंच झालं. बारा भोकांपैकी तिसरं कोणालाच ओलांडता येईना. पाच जोड्या आल्या, पाचही तिथेच पडल्या, आणि दुसरा डाव कोणी मागितला नाही. बनवणारी मुलं आधी म्हणाली, अवघडच असायला हवं. मग त्यांनी बघितलं की ते भोक वळणाच्या बाहेरच्या बाजूला, अगदी वळण संपतं तिथे आहे. गोटी वेगात येते, बाहेरच्या भिंतीला घासते आणि थेट आत. खेळणाऱ्याला चूक सुधारायला जागाच नव्हती. शनिवारी आगपेटीतल्या चकत्या कामी आल्या: तिसरं आणि नववं भोक चकती बसवून, वरून कागद डकवून बुजवलं. त्याच पाहुण्यांना पुन्हा बोलावलं. यावेळी एक जोडी अकराव्यापर्यंत पोचली, पडली, आणि दोघांनी पाटाची कड सोडलीच नाही. गोटी परत सुरुवातीला ठेवली होती.

रविवारी अदलाबदल. आपला खेळ घरी न्यायचा नाही, दुसऱ्या गटाचा न्यायचा. उरलेला पुठ्ठा भंगारवाल्याकडे, फेव्हिकॉल लागलेले तुकडे वेगळे. चक्रव्यूह करणाऱ्या मुलांनी जाताना पाटाच्या खाली, करवंटीजवळ, ती आगपेटी चिकटवली. आत दहा चकत्या होत्या, आणि वर लिहिलं होतं: सोपं वाटलं तर बुजवलेली दोन भोकं पुन्हा उघडा, जमत नसेल तर यातली एक बसवा.