नमुना किती मोठा हवा? सिकलसेल पाहणीचे गणित

एखाद्या जिल्ह्यात सिकलसेलचे वाहक किती टक्के आहेत, हे प्रत्येकाचे रक्त न तपासताही सांगता येते. त्यासाठी निवडलेल्या माणसांच्या गटाला नमुना म्हणतात. नमुन्यावरून काढलेले उत्तर खऱ्या प्रमाणापासून जितके दूर असण्याची मुभा दिली जाते, ती त्रुटिमर्यादा. किती माणसे तपासायची, हे पुढील सूत्राने ठरते:

n = z² × p × (1 − p) / d²

येथे p म्हणजे अंदाजे अपेक्षित प्रमाण आणि d म्हणजे त्रुटिमर्यादा. 95 टक्के विश्वासपातळीसाठी z ची किंमत 1.96 धरतात.

गैरसमज 1: लोकसंख्या दुप्पट, तर नमुनाही दुप्पट.

वस्तुस्थिती: 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या 10,72,942 आणि चंद्रपूरची 22,04,307 होती. p 50 टक्के आणि d 5 टक्के धरल्यास दोन्ही जिल्ह्यांसाठी उत्तर एकच येते, 385. वरच्या सूत्रात लोकसंख्या कुठेच नाही. उत्तर किती हेलकावेल हे तपासलेल्या माणसांच्या संख्येवर अवलंबून असते, न तपासलेल्यांच्या नव्हे. लोकसंख्या फार लहान असेल तेव्हाच फरक पडतो. 600 वस्तीच्या गावात दुरुस्ती केल्यावर तोच आकडा 235 वर येतो.

गैरसमज 2: 385 माणसे घेतली की कोणत्याही पाहणीचे काम भागते.

वस्तुस्थिती: हा आकडा 5 टक्के त्रुटिमर्यादेचा आहे, आणि ती प्रत्येक प्रश्नाला पुरेशी नसते. समजा, वाहकांचे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास असावे असा अंदाज आहे. 5 टक्के त्रुटिमर्यादा ठेवली, तर 139 माणसे पुरतात. पण उत्तर 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. एवढ्या ढोबळ उत्तरावरून औषधांची वा समुपदेशनाची तजवीज करणे कठीण. त्रुटिमर्यादा 2 टक्क्यांवर आणली की 865 माणसे लागतात. d चा वर्ग भागाकारात असल्यामुळे मर्यादा निम्मी करायची तर नमुना चौपट होतो. म्हणून त्रुटिमर्यादा आधी ठरवावी, माणसांची संख्या नंतर काढावी.

गैरसमज 3: 865 माणसे कुठूनही घेतली तरी चालतात.

वस्तुस्थिती: हे सूत्र माणसे साऱ्या जिल्ह्यातून चिठ्ठ्या टाकून निवडली आहेत असे गृहीत धरते. भामरागड किंवा एटापल्लीसारख्या तालुक्यांत विखुरलेल्या एकेका माणसापर्यंत जाणे परवडत नाही, म्हणून आधी गावे निवडतात आणि मग गावातली माणसे. पण एका गावातली माणसे नात्याने आणि समाजाने जोडलेली असतात. सिकलसेल आनुवंशिक असल्याने त्यांच्या तपासण्यांचे निकालही मिळतेजुळते येतात. त्यामुळे एकाच गावातल्या एकवीस माणसांकडून एकवीस वेगळ्या गावांतल्या माणसांइतकी माहिती मिळत नाही.

ही तूट भरून काढणारा गुणक असा असतो: 1 + (m − 1) × ρ. m म्हणजे प्रत्येक गावातली माणसे, ρ म्हणजे गावातल्या गावात असलेले साम्य. m 21 आणि ρ 0.05 धरल्यास गुणक 2 येतो, म्हणजे 865 चे 1730 होतात. दहातला एक जण भेटणार नाही असे धरून 1730 ला 0.9 ने भागले की 1923 येतात. एकेका गावातून 21 जण घ्यायचे, तर 92 गावे लागतात.

गावांची संख्या का महत्त्वाची, हे गडचिरोलीच्याच एका प्रसिद्ध अभ्यासातून दिसते. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 महिलांची तपासणी केली. त्यांतील 92 टक्के महिलांमध्ये स्त्रीरोग आढळल्याचे त्यांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. दुर्लक्षित राहिलेला आजार किती पसरलेला असू शकतो, हे दाखवायला तो आकडा पुरेसा होता. मात्र 650 हा आकडा साध्या सूत्रात घातला की सुमारे 2 टक्के त्रुटिमर्यादा निघते. ती साऱ्या जिल्ह्याला लावता येणार नाही, कारण गावे दोनच होती.

गैरसमज 4: नमुना मोठा असला की उत्तर बरोबरच येते.

वस्तुस्थिती: त्रुटिमर्यादेत फक्त निवडीतल्या योगायोगाचा हिशेब असतो. मोहफुलांच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात सकाळी गावात गेले, तर जंगलात गेलेली माणसे सुटतात आणि म्हातारी, आजारी माणसेच जास्त भेटतात. अशा वेळी नमुना दुप्पट केला तरी चूक तेवढीच राहते. उलट त्रुटिमर्यादा लहान दिसल्याने चुकीचे उत्तर जास्त खात्रीचे वाटू लागते. हे ओळखण्यासाठी तपासलेल्यांचे वय आणि लिंग गावाच्या यादीशी ताडून पाहावे. फार तफावत असेल, तर नवी माणसे न घेता यादीतल्या सुटलेल्यांकडेच संध्याकाळी पुन्हा जावे लागते.