आलापाला खंड नको

मैफलीचं रेकॉर्डिंग आलाप, विलंबित आणि द्रुत अशा तीन ट्रॅकमध्ये सीडीवर उतरवलं, की अनेकदा मधे २ सेकंदांची शांतता येते आणि रंगलेला राग तुटतो. म्हणून बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये ‘Disc-At-Once’ निवडा आणि दुसऱ्या ट्रॅकपासून गॅप शून्य करा. फाइल एमपीथ्री नको, तिच्या टोकांना शांततेचा बारीक तुकडा चिकटतो. मूळ रेकॉर्डिंगच्या वेव्ह किंवा फ्लॅक फाइल घ्या. नावांआधी 01, 02, 03 लिहिलं की क्रम लावणं सोपं जातं. आवाज मात्र ट्रॅकनिहाय सारखा करू नका; तसं केलं तर हळुवार आलाप द्रुत तानांइतकाच मोठा होतो. तिन्ही ट्रॅकचा आवाज एकाच मापाने वाढवा किंवा कमी करा. शेवटी प्रत्येक सांधा हेडफोनवर ऐका. तानपुरा अखंड वाजला, तर सीडी जमली.