सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा?

'आर' या संख्याशास्त्राच्या मोफत संगणकप्रणालीसोबत `PlantGrowth` नावाची एक छोटी आकडेवारी येते. तीस रोपं, दहा-दहाचे तीन गट. पहिला गट तसाच ठेवलेला, उरलेल्या दोघांवर दोन वेगळे उपचार. रोपं वाळवून वजन केलं तेव्हा सरासऱ्या आल्या ५.०३, ४.६६ आणि ५.५३. पहिल्या उपचाराने रोपं खुरटली, दुसऱ्याने फोफावली, असं लगेच म्हणावंसं वाटतं. पण उपचार न केलेल्या गटातच सर्वांत हलकं रोप ४.१७ आणि सर्वांत जड ६.११ भरलं होतं. एकाच तऱ्हेने वाढवलेल्या रोपांत जवळजवळ दोनचा फरक पडतो, तर सरासऱ्यांमधल्या अर्ध्या-पाऊण फरकाला किती वजन द्यायचं?

हा प्रश्न रोनाल्ड फिशर यांच्यासमोर शेतातूनच आला. १९१९मध्ये ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी 'अनोव्हा', म्हणजे प्रचरण विश्लेषण, ही पद्धत उभी केली. आपल्याकडे कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या ती पानसे आणि सुखात्मे यांच्या पुस्तकातून शिकल्या.

पद्धतीचं मर्म असं, की रोपारोपांतली नैसर्गिक चढउतार दोन वेगळ्या वाटांनी मोजायची. चढउतार मोजण्याचं माप म्हणजे प्रचरण: प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून त्या अंतरांच्या वर्गांची काढलेली जवळजवळ सरासरीच.

पहिली वाट गटाच्या आतली. तीन गटांची प्रचरणं येतात ०.३४, ०.६३ आणि ०.२०; त्यांची सरासरी ०.३९. उपचाराने गटातली सगळी रोपं सारखीच वर किंवा खाली सरकली, तर त्यांची आपसातली अंतरं बदलत नाहीत. म्हणून उपचार लागू पडो वा न पडो, हा आकडा नैसर्गिक चढउतारच सांगतो.

दुसरी वाट अधिक सुंदर आहे. क्षणभर धरून चाला की दोन्ही उपचार निष्प्रभ आहेत. मग तीन सरासऱ्या म्हणजे एकाच रानातली दहा-दहा रोपं तीनदा उचलून काढलेल्या सरासऱ्या. दहा रोपांच्या सरासरीत जड-हलकं एकमेकांना सावरून घेतं, त्यामुळे तिचं प्रचरण एकट्या रोपाच्या प्रचरणाच्या एक दशांश असतं. हाच हिशेब उलटा करा: तीन सरासऱ्यांचं प्रचरण काढून त्याला दहाने गुणलं की पुन्हा रोपांचं प्रचरण हाती यायला हवं. एकूण सरासरी ५.०७. तिच्यापासून पहिली सरासरी ०.०४ने खाली, दुसरी ०.४१ने खाली, तिसरी ०.४५ने वर. वर्गांची बेरीज सुमारे ०.३७७. तिला दोनने भागायचं, कारण दोन अंतरं कळली की तिसरं आपोआप ठरतं. आले ०.१८८, दहापट केले की १.८८.

उपचार निष्प्रभ असते, तर ०.३९ आणि १.८८ हे एकाच राशीचे दोन अंदाज ठरले असते आणि त्यांचं गुणोत्तर एकच्या आसपास राहिलं असतं. उपचार लागू पडले की सरासऱ्या एकमेकींपासून दूर जातात, अंश फुगतो आणि छेद जागच्या जागी राहतो. म्हणून भागाकार करायचा तो या दोघांचाच. तो येतो सुमारे ४.८. या गुणोत्तराला एफ हे नाव अमेरिकेतले जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३४मध्ये फिशर यांच्या सन्मानार्थ दिलं.

४.८ मोठं म्हणायचं का? निव्वळ योगायोगानेही एफ एकच्या वर-खाली होतो. तीन गट आणि तीस रोपं असताना, उपचार निष्प्रभ असले तरी शंभरात पाच वेळा तो ३.३५च्या वर जातो, ४.८ किंवा त्याहून वर मात्र हजारात सोळा-सतरा वेळाच. म्हणजे तिन्ही गट सारखे आहेत हे मानणं आता जड जातं.

एफ एवढंच सांगतो. कोणता गट वेगळा, ते सांगत नाही. इथे तर गंमतच आहे. टुकी यांच्या पद्धतीने जोड्या तपासल्या की ठाम फरक दोन उपचारांमध्येच दिसतो. उपचार न केलेल्या गटापेक्षा मात्र दोघांपैकी एकही खात्रीने वेगळा ठरत नाही. 'दुसऱ्या उपचाराने वाढ होते' हे वाक्य या आकड्यांवरून लिहिता येणार नाही, एफ कितीही मोठा दिसला तरी.

सगळ्यात घातक चूक छेदात होते. समजा, प्रत्येक उपचाराला एकच कुंडी दिली आणि त्या कुंडीतल्या दहा रोपांचं वजन केलं. एका कुंडीतली माती, पाणी, ऊन सारखं, म्हणून आतलं प्रचरण लहान येतं. कुंड्याकुंड्यांतला फरक मात्र सगळा अंशात जातो आणि एफ उगाच फुगतो. आकडे तीस दिसले तरी स्वतंत्र नमुने तीनच असतात. म्हणून एफ वाचण्याआधी विचारायचं, की उपचार चिठ्ठ्या टाकून नेमका कशाला दिला होता, रोपाला की कुंडीला? कुंडीला दिला असेल, तर मोजायच्या त्या कुंड्या, आणि प्रत्येक उपचाराला त्या अनेक हव्यात.