कुशल हात, कोरे लॉगबुक

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस लाइन बंद पडली, की बहुतेक ठिकाणी एका ठरावीक माणसालाच फोन जातो. पीएलसी, म्हणजे यंत्राला क्रमाने आज्ञा देणारा छोटा संगणक, त्याला तोंडपाठ असतो. रात्री दोन वाजता येऊनही तो लाइन सुरू करून देतो. पण लॉगबुकात ‘फॉल्ट काढला’ एवढेच लिहितो, प्रोग्रॅमची ताजी प्रत स्वतःच्याच लॅपटॉपवर ठेवतो आणि ज्युनियरने विचारले तर ‘तू बाजूला हो, मी बघतो’ म्हणतो. मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म समोर आला, की याला गुण किती द्यायचे, असा प्रश्न मेंटेनन्स मॅनेजरला पडतो.

त्याच्या कामाचा हिशेब केवळ त्याच्या उपस्थितीत केला, तर तो नेहमी उत्तमच दिसतो. खरे चित्र कळते ते त्याच्या रजेच्या दिवसांवरून. उदाहरणादाखल, वर्षभरात प्रेस लाइन 18 वेळा बंद पडली असे धरू. त्यांपैकी 13 वेळा तो हजर होता आणि दुरुस्तीला सरासरी 40 मिनिटे लागली. उरलेल्या पाच वेळी इतरांनी काम केले, तेव्हा सरासरी साडेतीन तास गेले, म्हणजे एकूण साडेसतरा तास. हा सगळा फरक त्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे. त्याचे कौशल्य इतरांकडे नाही, ते नोंदी वाचूनही लगेच येणार नाही. हाताशी नोंद असती तर त्यांना दीड तास लागला असता, असा अंदाज जाणत्या शिफ्ट इनचार्जने दिला, तर पाच वेळांचे साडेसात तास होतात. म्हणजे नोंदींअभावी वाया गेलेला वेळ सुमारे दहा तास. बिघाडांचे प्रकार वेगवेगळे असतील, तर तुलना सारख्या बिघाडांचीच करावी लागते.

गुण देण्याआधी मॅनेजरने स्वतःचे कागद तपासायला हवेत. वर्षाच्या सुरुवातीला ठरलेल्या उद्दिष्टांत नोंदी ठेवणे होते का? तोंडी सांगितले आणि फॉर्ममध्ये लिहिलेच नाही, तर वर्ष संपल्यावर त्यासाठी गुण कापणे योग्य नाही. नोंद लिहायला वेळ दिला होता का, हेही बघावे. एका बिघाडावरून थेट दुसऱ्याकडे धावणारा माणूस लिहिणार कधी? आणि सगळ्यात अवघड कारण भीतीचे असते. आपले ज्ञान कागदावर उतरले, की कमी पगाराचा कंत्राटी माणूस आपल्या जागी येईल, असे त्याला वाटते. कारखान्यात तसे पूर्वी घडले असेल, तर ती भीती खोटी म्हणता येणार नाही.

हे सारे पाहूनही नकार उरलाच, तर तो फॉर्ममध्ये स्पष्ट उतरला पाहिजे. ‘सहकार्याचा अभाव’ या शब्दांवर नुसता वाद होतो. ‘13 दुरुस्त्यांपैकी दोनच्या नोंदी मिळाल्या, ताज्या प्रोग्रॅमची प्रत सर्व्हरवर नाही’ हे तपासता येते. तांत्रिक कामाला पाचपैकी पाच आणि ज्ञान देण्याला एक असे गुण पडले, तर सरासरी तीन काढू नये. तीन हा आकडा त्याच्या कौशल्याचा अपमान करतो आणि दोषही झाकतो. दोन्ही गुण वेगळे ठेवावेत. कौशल्याची पगारवाढ पूर्ण द्यावी, पण सिनियर पदाची बढती थांबवावी, कारण इतरांना तयार करणे हे त्या पदाचे कामच आहे.

पुढच्या सहा महिन्यांची उद्दिष्टे मोजकी हवीत. वारंवार येणाऱ्या बिघाडांपैकी पंधरवड्याला एकाची पानभर नोंद पुरे: लक्षण काय दिसले, आधी काय तपासले, कारण काय निघाले. त्यासाठी आठवड्यातले चार तास त्याला ब्रेकडाउनच्या फोनपासून मोकळे ठेवावे. ज्याला लिहिणे जमत नाही त्याने बोलावे, ज्युनियरने लिहून घ्यावे. नोंद चांगली की वाईट हे पानांवरून ठरत नाही. त्याला फोन न करता ज्युनियरने त्या नोंदीवरून लाइन सुरू केली, तर ती चांगली.

काही ज्ञान कागदावर येतच नाही. प्रेसचा आवाज बदलला हे कानाला कळते. अशा ज्ञानाला मायकेल पोलान्यी या विचारवंताने 1966 च्या पुस्तकात ‘अव्यक्त ज्ञान’ म्हटले. ते फक्त सोबत काम करून मिळते, म्हणून ज्युनियरला शेजारी उभे राहू देणे हेही उद्दिष्टात यावे.

प्रोग्रॅमची प्रत देण्याचा प्रश्न मात्र गुणांचा नाही. नोकरीत, कारखान्याच्या यंत्रासाठी केलेला प्रोग्रॅम सामान्यतः कारखान्याचा असतो. आयएसओ 9001 च्या 2015 च्या आवृत्तीतही कामाला लागणारे ज्ञान जपून ते गरजेनुसार उपलब्ध ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. लेखी सांगूनही प्रत मिळाली नाही, तर तो शिस्तभंगाचा विषय होतो आणि त्यासाठी पुढच्या मार्चपर्यंत थांबू नये.