बामियानच्या चित्रांचा तपास करणारा प्रकाश पुढेच का झेपावतो?

मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या दोन महाकाय बुद्धमूर्ती स्फोटकांनी उद्ध्वस्त केल्या. मूर्तींच्या मागच्या कड्यांतील लेण्यांमध्ये मात्र भित्तिचित्रांचे अवशेष उरले. त्यांच्या रंगांचे सूक्ष्म कण फ्रान्समधील ग्रेनोबल येथील युरोपियन सिंक्रोट्रॉनमध्ये तपासले गेले. २००८ साली निष्कर्ष जाहीर झाला: पन्नास लेण्यांपैकी बारा लेण्यांतील चित्रकारांनी रंगात तेल मिसळले होते, बहुधा अक्रोडाचे किंवा खसखशीचे. ही चित्रे सातव्या शतकाच्या मध्याच्या आसपासची, म्हणजे युरोपात तैलचित्रे रुळण्याच्या कितीतरी शतके आधीची.

ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पण ज्या प्रकाशाने हे उलगडले तो कसा तयार होतो, हेही आपण समजून घ्यायला हवे.

ग्रेनोबलचे यंत्र म्हणजे ८४४ मीटर घेराची एक निर्वात नळी. तिच्यात इलेक्ट्रॉन फिरत असतात. इलेक्ट्रॉन सरळ रेषेत एकाच वेगाने गेला तर प्रकाश देत नाही. चुंबकाने त्याला वळवले की मात्र तो प्रकाश फेकतो, कारण दिशा बदलणे हेही त्वरणच आहे. यालाच सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात.

आता क्षणभर आपण त्या इलेक्ट्रॉनच्या सोबतीने धावतो आहोत असे समजू. आपल्याला त्याचा प्रकाश सगळीकडे पसरताना दिसेल: निम्मा पुढे, निम्मा मागे. नेमका आडवा निघालेला किरण आपल्या दृष्टीने आडवाच जाईल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या पुढेही जाणार नाही आणि मागेही पडणार नाही.

हाच किरण प्रयोगशाळेत उभ्या माणसाला कसा दिसेल? किरण इलेक्ट्रॉनच्या बरोबरीने राहायचा, तर त्याने पुढच्या दिशेने इलेक्ट्रॉनच्याच वेगाने जायला हवे. पण प्रकाशाचा एकूण वेग कोणासाठीही बदलत नाही. तो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटरच. ग्रेनोबलचा इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त एक मीटरभर मागे पडतो. म्हणजे किरणाचा जवळजवळ सगळा वेग पुढे जाण्यातच खर्च होतो. शाळेतल्या काटकोन त्रिकोणाचा नियम लावला तर आडव्या दिशेला सेकंदाला साधारण २५ किलोमीटर उरतात. तीन लाख पुढे आणि पंचवीस बाजूला! चाळीस मीटर गेल्यावर तो किरण मधल्या रेषेपासून जेमतेम साडेतीन मिलिमीटर सरकतो.

आणि हा तर आडवा निघालेला किरण. इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने पुढे निघालेला निम्मा प्रकाश याहूनही आत, त्याच बारीक शंकूत मावतो. प्रकाशाचा झोत पुढे असतो तो यामुळे. तिथे कोणतेही भिंग लागत नाही.

इलेक्ट्रॉन वळताना हा शंकूही टॉर्च फिरवावा तसा फिरतो. म्हणून झोत आडवा पंख्यासारखा पसरतो, पण उभ्या दिशेला अतिशय पातळ राहतो. एका जागी बसलेल्या निरीक्षकावर शंकू क्षणभरच पडतो. इलेक्ट्रॉन वळणावरचे चारेक मिलिमीटर अंतर कापतो, तेवढाच वेळ. शिवाय तो स्वतःच्याच प्रकाशाच्या अगदी मागोमाग धावत असतो. त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा किरण जवळजवळ एकदमच पोहोचतात. सगळा लखलखाट एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी जाडीत दाबला जातो. इतक्या आखूड लखलखाटात क्ष-किरण असणारच. रंगाच्या कणात शिसे आहे की तांबे, हे ते सांगतात.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. साडेतीन मिलिमीटरचा हिशेब क्ष-किरणांना लागू पडतो. तरंगलांबी वाढली की झोत रुंदावतो. तेल ओळखण्यासाठी लागणारा अवरक्त प्रकाश याच वळणातून निघतो, पण शंभरेक पट जास्त पसरतो. म्हणून तो गोळा करायला मोठे आरसे ठेवावे लागतात. तरीही त्याचा उगम अतिशय बारीक असल्याने त्याला पुन्हा बारीक ठिपक्यावर आणता येते, आणि रंगाचा एकेक थर वेगळा तपासता येतो.

पातळ झोताची दुसरी बाजूही आहे. इलेक्ट्रॉनची वाट किंचितही वरखाली कलली, तर चाळीस मीटरवर प्रकाश नमुन्याला चुकवून जातो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी संवेदक बसवून इलेक्ट्रॉनची जागा सतत मोजली जाते आणि छोट्या चुंबकांनी ती लगेच दुरुस्त केली जाते.

असे यंत्र आपल्या देशातही आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२. त्यातील इलेक्ट्रॉनची ऊर्जा ग्रेनोबलच्या निम्म्याहून कमी आहे, म्हणून त्याचा शंकू त्याच प्रमाणात दुपटीहून थोडा अधिक रुंद असतो.