१,२९८ रुपयांचं कोडं

गंगापुरातल्या आमच्या झेरॉक्सवाल्याने ११ जूनला इंटरनेटचा ६०० रुपयांचा प्लॅन सोडून ९०० चा घेतला. जुलैचं बिल आलं १,२९८! त्याला वाटलं, लुबाडलं.

मी बिल उलटून पाहिलं. भाडं आगाऊ घेतात, म्हणजे जूनचे ६०० आधीच भरलेले. उरलेल्या २० दिवसांचे जुन्या दराने ४०० वजा केले, नव्या दराने ६०० लावले. फरक २००. त्यात जुलैचे ९००, आणि या अकराशेवर १८ टक्के जीएसटी, १९८.

ऑगस्टचं बिल १,०६२ वर यायला हवं. २०० पुन्हा दिसले तर खुशाल भांडा. प्लॅन उतरवला असता तर फरक उणे चिन्हाने आला असता. मात्र काही कंपन्या उतरता बदल पुढच्या महिन्यापासूनच लावतात. तिथे वजावट नसतेच.