सुई टोचल्यानंतरचे पंधरा दिवस

गावात लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचं शिबिर लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, दूध आटेल का?" ज्याच्या घरचा किराणा डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतो, त्याने हे विचारायलाच हवं. त्याला "काही होत नाही" असं सांगून वाटेला लावलं, तर दोन दिवसांनी दूध थोडं कमी भरतं आणि सहा महिन्यांनी तो माणूस जनावर घेऊन येत नाही. म्हणून सुई काढण्याआधी दहा मिनिटं खरं काय ते सांगावं.

दूध थोडं उतरू शकतं. टोचल्यावर शरीर लशीतल्या विषाणूशी ओळख करून घेत असतं. त्या खटाटोपात एक-दोन दिवस बारीक ताप येतो, जनावर वैरण कमी खातं आणि त्याचा परिणाम धारेवर दिसतो. बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत पूर्ववत होतात. समजा दहा लिटरची गाय तीन दिवस रोज एक लिटर कमी देते आणि दुधाला लिटरमागे पस्तीस रुपये मिळतात. तोटा झाला शंभर-सव्वाशे रुपयांचा. त्याच गाईला रोग झाला तर? तोंडात फोड येतात, जिभेची साल निघते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. लाळेच्या तारा लोंबतात, तोंडाचा मचमच आवाज येतो, गाय खात नाही आणि उभीही राहू शकत नाही. दूध निम्म्यावर येऊन पंधरा दिवस तसंच राहिलं असं धरलं, तरी पंच्याहत्तर लिटर, म्हणजे सव्वीसशे रुपये गेले. पुष्कळदा त्या वेतात दूध पहिल्या पातळीवर येतच नाही. सडावर फोड आले तर कासदाह होतो. संकरित गाई बऱ्या झाल्यावरही उन्हात धापा टाकतात, त्यांच्या अंगावरचे केस वाढतात. वासरांच्या तर हृदयावरच हा विषाणू घाला घालतो. फोड दिसायच्या आधीच धडधाकट वासरू दूध पिता पिता कोसळतं.

या लशीत मारलेला विषाणू असतो. आपल्याकडे फिरणारे 'ओ', 'ए' आणि 'एशिया-१' हे तिन्ही प्रकार एकाच बाटलीत असतात. मेलेल्या विषाणूची वाढ होत नाही, त्यामुळे लशीने रोग होऊ शकत नाही. मग "टोचलं आणि चार दिवसांत गाय लाळ गाळायला लागली" हे कुठल्या ना कुठल्या गावात ऐकू येतं ते का? बोलणारा खोटं बोलत नसतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात. गाय आठवडी बाजारात किंवा ऊसतोडीच्या बैलांसोबत एका हौदावर पाणी प्यायली, विषाणू तिथेच घेऊन आली आणि शिबिराच्या दिवशी वरून ठणठणीत दिसली. लशीचं संरक्षण तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर आत आलेला रोग बाहेर पडला आणि दोष सुईवर आला.

हा फरक गोठ्यातच ओळखता येतो. लशीचा ताप असेल तर जनावर मलूल असतं, मानेवर टोचलेल्या जागी सूज असते, पण तोंड स्वच्छ असतं आणि चाल नीट असते. तोंडात फोड, लाळेच्या तारा किंवा लंगडणं दिसलं तर तो रोग समजावा. अशा जनावराला वेगळं बांधावं, त्याचं पाणी आणि घमेलं वेगळं ठेवावं आणि दवाखान्यात त्याच दिवशी कळवावं. एवढं केलं तर शेजारची दावण वाचण्याची आशा राहते.

टोचल्यावर जनावर लगेच हाकून नेऊ नये. अर्धा तास सावलीत, डॉक्टरांच्या नजरेसमोर बांधावं. क्वचित एखाद्या जनावराला लशीची तीव्र ॲलर्जी येते. पापण्या आणि ओठ सुजतात, श्वास जड होतो, अंग थरथरतं, जनावर खाली बसतं. यावर इंजेक्शन आहे, पण ते मिनिटांत द्यावं लागतं. अर्धा तास थांबा असं सांगतात ते यासाठीच. बैलाला दोन-तीन दिवस जुंपू नये. मानेवर आलेली गाठ बहुधा तेलयुक्त लशीची असते. ती काही आठवडे राहते आणि आपोआप विरते. ती दाबू नये, फोडू नये. गाठ गरम होऊन वाढत चालली, पू धरला किंवा ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही, तर मात्र दाखवावं. असे गळू बहुधा अस्वच्छ सुईमुळे होतात. प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरली जाते का, हे पशुपालकाने उभं राहून पाहावं आणि नसेल तर विचारावं. एकाच सुईने गोचीडतापासारखे रक्तातले आजारही या गोठ्यातून त्या गोठ्यात जाऊ शकतात. लशीची बाटली बर्फाच्या डब्यातून निघते का, हेही पाहावं. ती दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे. उन्हात तापलेली किंवा गोठलेली लस टोचली तर सूज येईल, संरक्षण मिळेलच असं नाही.

लस टोचलेल्या गाईचं दूध पिण्याला आणि डेअरीला घालण्याला हरकत नाही.

आता एक गोठा डोळ्यांसमोर आणू. शिबिर आहे १० नोव्हेंबरला. दावणीला एक दुभती गाय, एक बैल, आठव्या महिन्यातली गाभण म्हैस आणि तीन महिन्यांचं वासरू. गाय आणि बैलाला मे महिन्यात लस मिळालेली आहे. तिचा प्रभाव साधारण सहा महिने टिकतो, म्हणून दोघांना आज टोचायचं. म्हशीला आज टोचायचं नाही. लस गर्भाला मारते म्हणून नव्हे, तर खोड्यात अडकवणं, ओढाताण आणि ताप यांनी शेवटच्या महिन्यांत गर्भ टाकण्याचा धोका असतो म्हणून. ती जानेवारी-फेब्रुवारीत विईल, तेव्हा टोचून घ्यायची. तोवर तिला बाजारात किंवा सामाईक हौदावर नेऊ नये. वासरालाही आज नको. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण त्याच्या अंगात अजून आहे आणि ते लशीलाच निकामी करतं. चार महिने पूर्ण झाले की, म्हणजे १० डिसेंबरच्या सुमारास, पहिली मात्रा द्यायची आणि तिच्यानंतर एका महिन्याने दुसरी. ही दुसरी मात्राच बहुतेक गोठ्यांत राहून जाते. पहिल्यांदा लस घेणाऱ्या जनावराला एका टोचणीने मिळणारं संरक्षण तोकडं असतं, लवकर ओसरतं. बाजारातून आणलेल्या, आधीचा पत्ता नसलेल्या जनावरालाही हाच नियम लावावा.

शेळ्या-मेंढ्यांना विसरू नये. त्यांच्यात रोग सौम्य असतो, नुसतं लंगडणं दिसतं आणि लोक ते खडा टोचला म्हणून सोडून देतात. पण त्या विषाणू गाईंपर्यंत नेतात. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात म्हणूनच गाई-म्हशींसोबत शेळ्या-मेंढ्या आणि डुकरंही धरली आहेत आणि ही लस मोफत आहे. गाई-म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. त्यावर प्रत्येक टोचणीची नोंद होते. निघताना नोंदवहीत आपल्या जनावरांचे क्रमांक बरोबर लिहिले आहेत ना ते पाहावं. ज्यांना आज टोचलं नाही, त्या म्हशीची आणि वासराची तारीख पशुधन पर्यवेक्षकाकडून तिथेच लिहून घ्यावी, कारण मोठं शिबिर पुन्हा मे महिन्यातच येईल आणि तोवर ती दोघं तशीच राहतील.